जवसाच्या पाकिटात शेंगदाणा: माल परत मागवतानाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, रात्री

संध्याकाळी साडेसहाला कऱ्हाडहून एका खानावळीच्या ताईंचा फोन आला. आमची जवस चटणी त्या वर्षभर घेतात. आज दुपारी त्यांच्याकडे जेवणाऱ्या एका मुलीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. तिला शेंगदाणा चालत नाही, म्हणून ताई तिच्या ताटात दाण्याचं कूट कधीच घालत नाहीत. आजही घातलं नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मुलगी आता बरी आहे. ताई चिडल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी चटणी चाखून बघितली. ही जवसाची नाही."

बॅच नंबर विचारला. पाकीट त्यांनी कचऱ्यातून काढून वाचलं: जव-२२०१. म्हणजे २२ जानेवारीला भरलेला माल.

प्रत्येक बॅचची तीन पाकिटं आम्ही राखून ठेवतो, सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. मी तिन्ही फोडली. पहिल्या पाकिटातली चटणी चमचाभर कोमट पाण्यात टाकली. जवस असता तर थोड्या वेळात पाणी बुळबुळीत, चिकट झालं असतं. तसं झालं नाही, वर तेलाचे थेंब तरंगले आणि खाली दाण्याचा रवाळ गाळ बसला. मधलं आणि शेवटचं पाकीट मात्र चिकट झालं, म्हणजे त्यांत जवस आहे. या घरगुती परीक्षेतून अख्खी अदलाबदल कळते. जवसात थोडासा शेंगदाणा मिसळला असेल तर तो यात दिसत नाही. म्हणून मधल्या पाकिटाचाही भरवसा धरलेला नाही.

कारखान्याचे मालक अण्णा, त्यांना घरी फोन करून सांगितलं. गोदामातला उरलेला माल आज रात्रीच कुलपात टाकला: ९ खोकी.

११ फेब्रुवारी, सकाळ

काय झालं ते पहाटेपासून नोंदवह्या समोर ठेवून शोधलं. त्या दिवशी मशीनवर सकाळी शेंगदाणा चटणी आणि दुपारनंतर जवस अशी आखणी होती. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर शेंगदाण्याच्या पाकिटांचा फिल्मरोल संपला. जवसाचा रोल शेजारच्या स्टँडवर तयार होता. सुट्टीनंतर आलेल्या दुसऱ्या ऑपरेटरला वाटलं की जवस सुरू झालं आहे. त्याने तो रोल चढवला, बॅच कोड बदलला आणि मशीन चालू केलं. वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे चटणी ओतायच्या टाकीत, अजून शेंगदाणा चटणीच होती.

दुसरी चूक पहिलीतून निघाली. खरी जवस चटणी हॉपरपाशी आली तेव्हा मशीनवर जवसाचंच पाकीट चालू दिसत होतं, त्यामुळे "माल बदलताना हॉपर धुणे" ही पायरी कुणाला आठवलीच नाही. जवस त्याच हॉपरमध्ये, शेंगदाण्याच्या उरलेल्या चुऱ्यावर ओतलं गेलं.

हिशेबही हेच सांगतो. जवस चटणी ३०० किलो दळली होती. २०० ग्रॅमप्रमाणे तिची जास्तीत जास्त १,५०० पाकिटं होतात, वहीत १,८६० आहेत. शेंगदाणा चटणी ५०० किलो होती, तिची २,५०० पाकिटं व्हायला हवीत, वहीत २,११० आहेत. इकडे ३६० जास्त, तिकडे ३९० कमी. सांडलवंड धरली तर ३६० ते ३८० पाकिटांत निव्वळ शेंगदाणा चटणी गेली आहे. हा ताळा २२ तारखेलाच संध्याकाळी घालायला हवा होता. वहीवर तपासल्याची सही माझी आहे.

अण्णांचा पहिला प्रश्न होता की फक्त ती ३८० पाकिटं परत मागवता येतील का. येणार नाहीत. ३० पाकिटांच्या खोक्यांवर अनुक्रमांक नसतो, आणि न धुतलेल्या हॉपरमुळे उरलेली पाकिटंही शुद्ध जवसाची म्हणता येत नाहीत. अण्णा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "सगळी बॅच बोलवा." वेळ सकाळचे ९.१०. इथून २४ तासांच्या आत अन्न सुरक्षा प्राधिकरणाला कळवायचं असतं. आम्ही दुपारी एकपर्यंत तिथे कळवलं आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातही कागद दिला.

११ फेब्रुवारी, दुपार

माल कुणाकडे गेला हे काढणं वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. बिलावर मालाचं नाव आणि नग असतात, बॅच नसते. लोडिंगच्या वहीत बॅच लिहायची पद्धत आहे, पण काही दिवस तो रकाना कोरा आहे. नेमकी यादी बनवत बसलो तर संध्याकाळ होईल. म्हणून जाळं मोठं टाकायचं ठरवलं: २३ जानेवारीपासून कालपर्यंत जवस चटणी घेतलेले सगळे, म्हणजे २६ खरेदीदार. ज्याच्याकडे ही बॅच गेलेली नाही त्याला फोन गेला तर त्याची पाच मिनिटं जातील. ज्याच्याकडे गेली आहे त्याचा फोन राहिला तर आणखी कुणाच्या तरी ताटात ती चटणी जाईल.

मग पत्र. अण्णांच्या मुलाने पहिला मसुदा लिहून ठेवला होता: "काही तांत्रिक कारणास्तव व ग्राहकांच्या हितासाठी खबरदारीचा उपाय म्हणून सदर बॅच परत घेण्यात येत आहे." त्याचा हेतू वाईट नव्हता, घाबरवू नये एवढंच त्याच्या मनात होतं. मी ते वाक्य फोनवर आमच्या मिरजेच्या एका दुकानदार काकांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "काका, हे वाचून तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "पुढच्या फेरीला गाडी आली की देईन. तोवर विकायला हरकत नाही ना?"

तिथेच मसुदा बाजूला ठेवला. "तांत्रिक कारण" वाचून कुणी फळीवरचं पाकीट खाली काढत नाही.

काकांना मग सरळ सांगितलं की जवसाच्या पाकिटात शेंगदाणा गेला आहे. ते म्हणाले, "मग त्यात काय? शेंगदाणा तर आपण रोज खातो." हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येणार. आपल्याकडे भाजीत कूट, खिचडीत कूट, उपवासालाही दाणे. शेंगदाण्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे बहुतेकांनी पाहिलेलं नाही. त्यामुळे पत्रात "ॲलर्जी" हा नुसता शब्द पुरणार नाही, माणसाला काय होतं ते लिहावं लागेल. दाणे भाजल्याने हा धोका जात नाही, हेही. "भाजलेलेच आहेत की" असं दोघांनी म्हटलं.

११ फेब्रुवारी, ४.३० वाजता गेलेलं पत्र

विषय: जवस चटणी २०० ग्रॅम, बॅच जव-२२०१. विक्री आणि वापर आत्ताच थांबवा. माल आम्ही परत नेत आहोत.

नमस्कार,

२२ जानेवारी २०२५ रोजी भरलेल्या आमच्या जवस चटणीच्या काही पाकिटांत शेंगदाण्याची चटणी भरली गेली आहे. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नाही. ज्यांना शेंगदाणा चालत नाही अशा व्यक्तीने ती खाल्ली तर अंगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, श्वास कोंडणे असा त्रास काही मिनिटांत होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दाणे भाजलेले असले तरी धोका तसाच राहतो. एका व्यक्तीला त्रास झाला आहे. उपचारांनंतर तिची प्रकृती ठीक आहे.

चूक आमच्या कारखान्यात झाली आहे. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. आम्ही तुमची आणि तुमच्या ग्राहकांची मनापासून माफी मागतो.

कृपया आज एवढं करा. पाकिटाच्या मागे खालच्या बाजूला बॅच नंबर पाहा. जव-२२०१ असेल तर सगळी पाकिटं फळीवरून, गोदामातून आणि स्वयंपाकघरातून काढून एका खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरांत "परत – विकू नये, वापरू नये" असं लिहा. खोकं विक्रीच्या मालापासून दूर ठेवा. फोडलेली पाकिटं वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून त्याच खोक्यात ठेवा. चटणी बरणीत किंवा डब्यात ओतली असेल आणि ती कोणत्या पाकिटातली हे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती वापरू नका. डबा आणि चमचा साबणाने धुऊन घ्या.

तुम्ही हा माल पुढे कुणाला दिला असेल तर त्यांची नावं आम्हाला कळवा आणि सोबतचं छोटं पत्र त्यांना आजच द्या. दुकानात लावायची सूचनाही जोडली आहे.

कुरिअर करू नका. आमची गाडी १३ ते १५ फेब्रुवारीदरम्यान येऊन माल घेऊन जाईल. परत दिलेल्या, फोडलेल्या आणि फेकून दिलेल्या सर्व पाकिटांची पूर्ण रक्कम क्रेडिट नोटने मिळेल. त्यासाठी बिल शोधण्याची गरज नाही, पाकिटांची संख्या पुरे. या बॅचचं एकही पाकीट तुमच्याकडे नसेल तरी "शून्य" असं उत्तर जरूर द्या.

कुणाला त्रास झाल्याचं कळलं तर आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवा आणि मग आम्हाला कोणत्याही वेळी फोन करा.

(खाली अण्णांचं नाव, त्यांचा स्वतःचा मोबाइल आणि माझा.)

याच पत्रासाठी मागे ठेवायची दोन टिपणं. "बिल शोधण्याची गरज नाही" हे वाक्य अकाउंट्सला आवडलं नाही. पण खानावळी बिलं जपून ठेवत नाहीत, आणि पैसे बुडतील असं वाटलं की माणूस पाकीट संपवून टाकतो. बरणीचं वाक्य कऱ्हाडच्या ताईंमुळे आलं. त्यांच्याकडे पाकीट आलं की चटणी थेट स्टीलच्या डब्यात जाते, पाकीट कचऱ्यात. मुलगी जेवायला बसली तेव्हा तिच्यासमोर वाचायला लेबल नव्हतंच. "पाकीट पाहा" एवढंच लिहिलं असतं तर सगळ्या खानावळी हातातून सुटल्या असत्या.

११ फेब्रुवारी, रात्री १०

पत्र व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर गेलं, पण निळ्या खुणा म्हणजे उत्तर नव्हे. आम्ही तिघे फोन घेऊन बसलो. प्रत्येकाला तीनच प्रश्न: पत्र वाचलं का, आत्ता पाकिटं किती आहेत, पुढे कुणाला दिली का. उत्तर वहीत वेळेसह लिहायचं. खानावळींना सगळ्यात आधी फोन केले, कारण त्यांच्याकडे चटणी रात्रीच्या जेवणातच वाढली जाणार होती. दुकानं नंतर, ऑनलाइन विकणारे दोघे त्यानंतर. त्या दोघांनी तासाभरात यादीतून माल काढला.

बेळगावच्या वितरकांना मराठी पत्र समजलं, पण त्यांच्या खालच्या दुकानदारांपैकी निम्मे कन्नड वाचतात. त्यांच्याच मुलीने छोट्या पत्राचं कन्नड करून दिलं. हे आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

आज रात्रीपर्यंत २६ पैकी २१ जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं.

१२ फेब्रुवारी

आणखी तिघे सापडले. पुण्याचे एक वितरक जोरात बोलले. त्यांच्या दुकानदारांसमोर त्यांची मान खाली गेली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मी सफाई दिली नाही. ते थांबल्यावर विचारलं, "भाऊ, तुमच्या दुकानदारांना आम्ही फोन करू की तुम्ही कराल?" ते म्हणाले मीच करतो, पण तुमचा माणूस सोबत द्या. आमचा सेल्समन दुपारच्या बसने गेला.

एका दुकानदाराने विचारलं की चांगली पाकिटं वेगळी करून विकू का, रंगावरून कळतं. नाही म्हटलं. निव्वळ शेंगदाणा रंगावरून कळेलही, जवसात मिसळलेला कळणार नाही.

१३ फेब्रुवारी

दोन नावं राहिली होती. जतमधल्या एका दुकानाचा फोन बंद. ड्रायव्हरला पत्र घेऊन वाट वाकडी करून पाठवलं. मालक लग्नाला गावी गेलेले, दुकान शेजाऱ्याकडे सोपवलेलं. फळीवर चार पाकिटं, चारही या बॅचची. शेजाऱ्याने मालकांशी बोलून ती दिली.

दुसरं नाव म्हणजे रोखीचं बिल, "कॅश" एवढंच लिहिलेलं, एक खोकं. काउंटरच्या मुलाला आठवलं की तासगाव रस्त्यावरच्या एका धाब्याचे मालक स्कूटरवरून घेऊन गेले होते. धाबे चार आहेत. सेल्समन चारही ठिकाणी गेला. तिसऱ्यावर सापडलं, १९ पाकिटं शिल्लक. काउंटरवर आता नाव आणि मोबाइल घेतल्याशिवाय खोकं द्यायचं नाही, असं अण्णांनी सांगितलं.

आता २६ पैकी २६. त्यांतल्या १७ जणांकडे ही बॅच होती: ४ वितरक, ६ दुकानं, ५ खानावळी-धाबे, २ ऑनलाइन. त्यांच्याकडे मिळून ५३ खोकी, म्हणजे १,५९० पाकिटं गेली होती. गोदामातली ९ खोकी धरली की ६२ खोकी, १,८६० पाकिटं. हा ताळा जुळला तेव्हा पहिल्यांदा जरा पाठ टेकली.

१५ फेब्रुवारी

गाडी शेवटच्या फेरीवरून आली. ड्रायव्हरला सूचना होती की परतीचं खोकं घेताना समोरच पाकिटं मोजायची, पावती द्यायची आणि परतीचा माल नव्या मालाबरोबर ठेवायचा नाही. एका ठिकाणी खोक्यात दुसऱ्या बॅचची सहा पाकिटं आली. तीही घेतली, त्यांचेही पैसे देऊ. कुणी घाबरून जास्तीचं परत दिलं तर वाद घालायचा नाही.

परतीच्या मालाला गोदामात जाळीचा वेगळा कप्पा, किल्ली माझ्याकडे.

२० फेब्रुवारी

प्रयोगशाळेचा अहवाल आला. राखून ठेवलेल्या मधल्या पाकिटात शेंगदाण्याची प्रथिनं सापडली, शेवटच्या पाकिटातही, कमी. फक्त ३८० पाकिटांवर थांबलो असतो तर उरलेली विकली जात राहिली असती. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्याची वाट बघत पत्र अडवलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवते. पुढे असा प्रसंग आला तर कुणीतरी "रिपोर्ट येऊ दे" म्हणेलच.

सतराही खरेदीदारांना आज दुसरं, चार ओळींचं पत्र गेलं: तपासणीत काय निघालं, माल किती परत आला, दुकानातली सूचना आणखी दोन आठवडे लावून ठेवा, क्रेडिट नोट सोबत आहे. जीएसटी नोंदणी असलेल्यांना त्या रकमेवरचं इनपुट क्रेडिट उलटवायला लागेल, हे अकाउंट्सने प्रत्येकाला फोन करून सांगितलं. पत्रात ते घातलं असतं तर मुख्य गोष्ट झाकली गेली असती.

२४ फेब्रुवारी

प्राधिकरणाकडे पाठवायचा आठवड्याचा अहवाल. बाहेर गेलेल्या १,५९० पैकी परत आली १,०१२. खानावळी आणि धाब्यांनी फोडलेली किंवा डब्यात ओतलेली, जागेवरच नष्ट केलेली ७४. उरलेली ५०४ घरोघरी गेली, बहुतेक खाल्लीही गेली असतील. त्यांच्यापर्यंत पोहोचायला दुकानातल्या सूचनेशिवाय वाट नव्हती. ऑनलाइन विक्रेत्यांकडे मात्र ग्राहकांचे पत्ते होते. त्यांनी प्रत्येकाला संदेश पाठवले आणि त्यातून ११ पाकिटं परत आली, ती वरच्या आकड्यात धरली आहेत. दुसऱ्या कुणाला त्रास झाल्याची तक्रार नाही. ५०४ हा आकडा मी अहवालात "विक्री झाली, परत मिळाली नाहीत" असाच लिहिला. "वापरली गेली" असं लिहिण्याइतकी खात्री नाही.

आजपासून रोल बदलताना दोघांच्या सह्या, आणि रोल चढवण्याआधी हॉपरमधल्या मालाचा चमचा पाण्यात टाकून बघायचा. शेंगदाण्याच्या फिल्मच्या कडेला लाल पट्टा छापायला दिला आहे. बिलावर बॅच येण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना सुरू केला. रोज संध्याकाळचा किलो-पाकीट ताळा अण्णा स्वतः बघतात.

६ मार्च

परत आलेला सगळा माल आणि गोदामातली ९ खोकी, कार्यालयाला आधी कळवून, नष्ट केली. पाकिटं कापून माल वेगळा केला, फोटो आणि वजनाची नोंद फाइलला लावली. पाकिटं न कापता टाकली असती तर कुणीतरी उचलून विकली असती.

कऱ्हाडला आज स्वतः जाऊन आले. ती मुलगी भेटली, तिचे वडीलही आले होते. अण्णांनी दवाखान्याचा खर्च आधीच दिला होता, तरी मी पुन्हा माफी मागितली. वडिलांनी एकच विचारलं, "आता पाकिटावर लिहिणार का?" नव्या पाकिटाचा नमुना सोबत नेला होता. एकाच मशीनवर दोन्ही चटण्या भरल्या जातात, म्हणून जवस चटणीवरही आता ठळक अक्षरांत आहे: "शेंगदाण्याचे अंश असू शकतात." मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, मग ही मला कायमचीच बंद. मी हो म्हणाले.

निघताना ताईंनी फडताळातून आणखी एक पाकीट काढून दिलं, जव-२२०१, न फोडलेलं, डाळीच्या डब्यामागे राहिलेलं. परत आलेली १,०१३ अशी दुरुस्ती केली. उद्या सतराही जणांना फोन करून फडताळांच्या मागे एकदा बघायला सांगायचं आहे.